कोबी आईने खाल्ला, मग वायू बाळाला कसा?

ओळखीतल्या एका नव्या आईचं ताट परवा पाहिलं. मऊ भात, मीठ, तूप. कोबी, फ्लॉवर, राजमा, हरभरा सगळं बंद, कारण ‘बाळाला वायू होतो’. बाळ सहा आठवड्यांचं, रोज संध्याकाळी तासन्‌तास रडणारं. त्या रडण्याची शिक्षा आईच्या ताटाला झाली होती.

कोबीने आईला वायू होतो, यात खोटं काही नाही. कोबीतले काही तंतू आणि शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि त्यातून वायू तयार होतो. पण स्तन आणि आतडं यांना जोडणारी नळी नसते. दूध बनतं ते रक्तातून. न पचलेले तंतू रक्तात जातच नाहीत आणि पोटातले बुडबुडेही दुधात उतरत नाहीत.

आता माझा आवडता भाग. स्तनातल्या दूध करणाऱ्या पेशी रक्तातून ग्लुकोज उचलतात. त्यातल्या काहीचं गॅलॅक्टोज करून, दोन्ही जोडून लॅक्टोज ही शर्करा बनवतात. हे काम पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये चालतं. लॅक्टोजला पिशवीबाहेर पडता येत नाही, म्हणून ते बाहेरचं पाणी आत ओढून घेतं. पाकात टाकलेलं फळ पाणी सोडतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे. दूध किती होणार हे मुख्यतः या लॅक्टोजवर ठरतं. १०० मिलिलिटर दुधात ते साधारण ७ ग्रॅम असतं, आणि आईने काहीही खाल्लं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून तहानेपेक्षा जास्त, बळेबळे तांब्याभर पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही.

मग वाढतं कशाने? स्तन रिकामा होण्याने. भरलेल्या स्तनात पेशींचं काम मंदावतं, रिकामा झाला की वेग घेतं. वारंवार आणि नीट पाजणं हा खरा उपाय आहे. ‘दूध वाढवणाऱ्या’ महागड्या पावडरींच्या डब्यावर ही ओळ सापडणार नाही. मेथीचाही पुरावा तोकडाच आहे.

जेवणाचं काम वेगळं. दिवसाला ७५० मिलिलिटर दूध म्हणजे सुमारे ५०० कॅलरी. एक अंडं, वाटीभर शिजवलेली डाळ, मूठभर शेंगदाणे आणि एक केळं रोजच्या जेवणात वाढवलं की जवळपास हिशेब जुळतो. आईने कमी खाल्लं तरी दूध बहुधा चालू राहतं, पण ती झीज आईच्या अंगावर निघते. बी-१२ सारखी काही जीवनसत्त्वं आईच्या आहारात कमी पडली, तर दुधातही कमी पडतात.

म्हणजे आईने खाल्लेलं बाळाला काहीच बाधत नाही का? बाधतं, पण ते रक्तात पोचणारं हवं. कॉफीतलं कॅफीन पोचतं. नवजात बाळाला ते शरीराबाहेर टाकायला काही दिवस लागतात, म्हणून दिवसाला दोन कप पुरे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांचे अगदी सूक्ष्म अंशही पोचतात आणि काही थोड्या बाळांना त्यांची अ‍ॅलर्जी असते.

ती ओळखायची कशी? नुसतं संध्याकाळचं रडणं हे लक्षण नव्हे. ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. शीमध्ये चिकट आव, रक्ताच्या रेषा, सतत उलट्या, न हटणारा इसब किंवा वजन न वाढणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं. त्यांनी सांगितलं तर आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, पनीर, लोणी आणि दूध पावडर घातलेली बिस्किटं पूर्ण बंद करायची. फरक पडला तरी काम संपत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा दूध सुरू करून आठवडाभर पाहायचं. लक्षणं परतली तरच दोष दुधाचा, नाहीतर बाळ आपलं आपणच बरं झालेलं असतं. आई शाकाहारी असेल तर दूध बंद करताना कॅल्शियम आणि बी-१२ यांची सोय आधी करायची.

‘लॅक्टोज चालत नाही म्हणून आईने दूध सोडलं’ हेही बरेचदा ऐकू येतं. वरच्या पिशव्या आठवा. बाळाच्या तोंडात जाणारं लॅक्टोज आईच्या पेशींनी बनवलेलं असतं. आईने दुधाचा थेंबही घेतला नाही, तरी ते तेवढंच राहणार.

त्या आईच्या बाळाची शी पिवळी, मऊ होती, वजन वाढत होतं, दिवसाला सात-आठ लंगोट ओले होत होते. डॉक्टरांनी तिला कोबी खायला सांगितला. बाळ त्या संध्याकाळीही रडलं, आदल्या दिवशी रडलं होतं तेवढंच.