पाइपातून थेंबच पडतात, तरी उतार थांबतो

उतार सरकला की आपण म्हणतो, माती भिजून जड झाली आणि घसरली. वजन वाढतं हे खरं, पण घात करतो तो पाण्याचा दाब. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि भूजलाची पातळी वर चढत गेली की खोलवरच्या पोकळ्यांमधला दाब वाढतो. हा दाब कणांना एकमेकांपासून उचलून धरतो. कण एकमेकांवर घट्ट दाबलेले असतील तरच घर्षण टिकतं, आणि सैल मातीचा उतार मुख्यतः घर्षणावरच उभा असतो.

किती पाणी काढलं की पुरे, हे एका साध्या हिशेबात दिसतं. उतार १५ अंशांचा आहे. ६ मीटर खोलीवर, जमिनीला समांतर असा एक कमकुवत थर आहे आणि त्याचा घर्षणकोन, म्हणजे कोरडा असताना केवळ घर्षणावर तो जास्तीत जास्त किती अंशांचा उतार धरू शकतो ते माप, २५ अंश आहे. मातीचं वजन तेवढ्याच पाण्याच्या सुमारे १.९ पट धरू. मातीला धरून ठेवणारं बळ भागिले तिला खाली ओढणारं बळ म्हणजे सुरक्षा गुणांक. तो १ च्या खाली गेला की उतार सुटतो. पाणी या थराच्याही खाली असताना गुणांक १.७४ येतो. पाणी जमिनीपासून १ मीटरवर आलं की तो १ च्या किंचित खाली, ०.९८ वर येतो, आणि पाणी पृष्ठभागापर्यंत आलं तर ०.८२. आता १ मीटरवरचं पाणी ३ मीटरवर नेलं, तर गुणांक १.३ होतो. म्हणजे सगळा उतार कोरडा करायची गरजच नाही. पातळी २ मीटर उतरवली की काम झालं.

ही २ मीटर उतरवायची कशी? पाणी उथळ असेल तर उताराच्या दिशेने, वरून खाली, ठरावीक अंतरावर चर खणतात, त्यांत जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरून खडी भरतात आणि वरून चिकणमातीचं झाकण घालतात, म्हणजे पावसाचं पाणी थेट आत शिरत नाही. दोन चरांच्या मधे पाण्याची पातळी कुबडासारखी वर उचललेली राहते. आपल्या हिशेबातले ३ मीटर सरासरीने मिळवायचे तर चर त्याहून खोल हवेत, आणि माती चिकण असेल तर जवळजवळही हवेत. खणताना खरा धोका असतो: सरकू पाहणाऱ्या उतारावर लांबच लांब उघडा चर म्हणजे त्याला चिरून ठेवणं. म्हणून पायथ्याकडून सुरुवात करून छोटा तुकडा खणायचा, लगेच भरायचा आणि मगच वर सरकायचं.

पाणी खोल असेल तर यंत्राने पायथ्यापासून आत भोकं पाडतात आणि त्यांत चिरा पाडलेले पीव्हीसी पाइप सरकवतात. नाव आडवा निचरा असलं तरी पाइप आतल्या बाजूला काही अंश वर चढता ठेवतात, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. तोंडाजवळचे काही मीटर बिनचिऱ्याचे ठेवणं मी फार महत्त्वाचं मानतो, नाहीतर आणलेलं पाणी पायथ्याशीच पुन्हा मुरतं आणि झाडांची मुळंही चिरांतून आत घुसतात.

पहिल्या दिवशी एखाद्या पाइपातून धार लागते, मग ती आटते आणि थेंब उरतात. बघणाऱ्याला वाटतं, पाइप बंद पडला. चिकणमातीत मात्र हे अगदी स्वाभाविक आहे; ती पाणी देतेच सावकाश. थेंब थेंब निघूनही दाब उतरलेला असू शकतो. उलट, भरपूर धार देणारा पाइप एखाद्या वाळूच्या पट्ट्यातलं पाणी ओढत असेल आणि कमकुवत थरावरचा दाब जसाच्या तसा असेल. म्हणून पाइपाचं तोंड बघून निर्णय घेऊ नये. त्या थराच्या खोलीवर बसवलेला पिझोमीटर, म्हणजे दाब मोजणारं उपकरण, काय सांगतो ते बघावं, आणि तेही दोन पाइपांच्या मधोमध, कारण सर्वांत कमी निचरा तिथेच होतो.

पाइपाच्या तोंडाशी नारिंगी, शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसला तर पाण्यातलं लोह जिवाणूंमुळे साचून चिरा बुजत आहेत असं समजावं. वेळीच दाबाच्या पाण्याने पाइप धुतला तर तो बराचसा मोकळा होतो. बाहेर येणारं पाणी गढूळ असेल तर मातीचे बारीक कण वाहून येत आहेत आणि आत पोकळी तयार होण्याची भीती असते. आणि निचरा अचानक थांबून पिझोमीटर चढू लागला, तर सरकणाऱ्या मातीने पाइप आतच कातरला असण्याची शक्यता धरावी. असा पाइप धुऊन उपयोग नसतो, नवं भोकच पाडावं लागतं.

हाँगकाँगच्या पो शान रोडवर १९७२ मध्ये दरड कोसळून ६७ जण दगावले. त्या डोंगरात १९८० च्या दशकात आडवे पाइप बसवले गेले. वर्षांनुवर्षं त्यांची देखभाल करावी लागली आणि त्यांचा निचरा घटत गेला. शेवटी डोंगराच्या पोटात बोगदे खणून, त्यांच्या छतातून वर निचऱ्याची भोकं पाडून पाणी खाली आणण्याची व्यवस्था केली गेली.