फॉरेस्ट प्लॉटमधला डायमंड सगळ्यात शेवटी बघा

आमच्याकडून मेटा-अ‍ॅनालिसिस करून घेणारे बहुतेक जण पुण्यातले एमडीचे विद्यार्थी नाहीतर प्रॅक्टिस करणारे डॉक्टर असतात, आणि प्लॉट हातात पडला की नजर थेट खालच्या डायमंडवर जाते. डायमंड रेषेच्या डावीकडे आहे ना, मग झालं, औषध चालतं! असं करू नका प्लीज. का ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो.

बीसीजी लस टीबीपासून किती वाचवते यावरच्या ट्रायल्सचा एक प्रसिद्ध मेटा-अ‍ॅनालिसिस 1994 साली आला, त्यातल्या 13 ट्रायल्सचे आकडे आजही शिकवायला वापरतात. प्लॉटमध्ये एका ओळीत एक ट्रायल. चौकोन म्हणजे त्या ट्रायलचा रिस्क रेशो, चौकोन जितका मोठा तितकं त्या ट्रायलचं वजन जास्त, आणि आडवी रेघ म्हणजे 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल. मधली उभी रेषा 1 वर असते, म्हणजे लस घेतली काय, न घेतली काय, रिस्क तेवढीच.

आता यातल्या दोनच ओळी बघा. ब्रिटनच्या ट्रायलमध्ये लस घेतलेल्या 13,598 जणांत 62 जणांना टीबी झाला आणि न घेतलेल्या 12,867 जणांत 248 जणांना, म्हणजे रिस्क रेशो 0.24, रेघ साधारण 0.18 ते 0.31. आणि आपल्याकडची, मद्रासजवळच्या चिंगलपेटची ट्रायल, प्रत्येक गटात 88,391 माणसं, टीबी एकीकडे 505 जणांना आणि दुसरीकडे 499 जणांना. रिस्क रेशो 1.01, रेघ 0.89 ते 1.15. दोन्ही ट्रायल्स मोठ्या, दोन्हींच्या रेघा आखूड, आणि त्या एकमेकींच्या जवळपासही येत नाहीत. नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडत नाही, दोन्हीकडे खरा परिणामच वेगळा आहे. यालाच हेटरोजेनिटी म्हणायचं, आणि ती आकड्याआधी डोळ्यांना दिसते.

डायमंड काय म्हणतो? रँडम इफेक्ट्सने 0.49, इंटर्व्हल 0.34 ते 0.70. फिक्स्ड इफेक्टने केलं तर 0.65, कारण त्यात एकट्या चिंगलपेटलाच सुमारे 41 टक्के वजन मिळतं आणि रँडममध्ये जेमतेम 10 टक्के. आमच्या मते इथे फिक्स्ड वापरणं चूकच आहे, सगळीकडे खरा परिणाम एकच आहे हे त्यात गृहीत धरलेलं असतं आणि वरच्या दोन ओळी बघून ते कोण मानेल? पण रँडम वापरलं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही, 0.49 ही फक्त सरासरी आहे आणि ती ना ब्रिटनची आहे ना चिंगलपेटची.

आय-स्क्वेअर इथे 92 टक्के येतो. व्हायवामध्ये बरेच जण "75 च्या वर म्हणजे हाय" एवढंच सांगून थांबतात. आय-स्क्वेअर सांगतो की ट्रायल्सच्या निकालांत दिसणाऱ्या एकूण फरकापैकी किती टक्के योगायोगाने समजावता येत नाही, परिणाम प्रत्यक्षात किती पसरलेत ते तो सांगत नाही. ट्रायल्स खूप मोठ्या असल्या की रेघा आखूड होतात आणि खरा फरक किरकोळ असला तरी आय-स्क्वेअर वर चढतो. पसारा बघायचा तर प्रेडिक्शन इंटर्व्हल बघा, इथे तो साधारण 0.15 ते 1.55 येतो. म्हणजे उद्या नव्या ठिकाणी अशीच ट्रायल केली तर तिथे लस जबरदस्त चालेल किंवा अजिबात चालणार नाही, दोन्ही शक्य आहे. आम्ही प्रत्येक रिपोर्टमध्ये हा इंटर्व्हल डायमंडच्या खाली काढून देतो, तो आधी वाचा.

मग फरक कशामुळे? या 13 ट्रायल्समध्ये जागेचा अक्षांश मॉडेलमध्ये घातला की ट्रायल्समधल्या खऱ्या फरकाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग समजावला जातो, विषुववृत्तापासून जितकं लांब तितका फायदा जास्त. एक स्पष्टीकरण असं देतात की उष्ण भागात माती-पाण्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांशी लोकांचा आधीच संपर्क आलेला असतो, त्यामुळे लसीचा वेगळा परिणाम दिसत नाही. पण हे ट्रायल्सच्या पातळीवरचं नातं आहे, अक्षांशामुळेच असं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि 13 ट्रायल्सवर पाच-सहा कारणं एकदम तपासायला सांगू नका, काहीतरी "सिग्निफिकंट" निघेलच आणि ते खोटं असेल. (यावरून बाळाची बीसीजी टाळू नका हं! लहान मुलांमधल्या टीबी मेनिंजायटिससारख्या गंभीर आजारापासून ती चांगलं संरक्षण देते, तो वेगळा प्रश्न आहे.)

तुमचं काम आमच्याकडे देताना पेपरमधला नुसता रिस्क रेशो आणू नका, दोन्ही गटांत किती माणसं होती आणि किती जणांना आजार झाला हे चार आकडे प्रत्येक ट्रायलचे आणा, सोबत ट्रायल कुठे झाली, पेशंटचं वय आणि फॉलो-अप किती होता तेही लिहा. फरक कशामुळे पडू शकेल असं तुम्हाला वाटतं तेही प्लॉट बघायच्या आधीच लिहून द्या, नंतर सुचलेली कारणं आम्ही रिपोर्टमध्ये "नंतर शोधलेली" अशीच दाखवतो.