दुकान, दवाखान्याची वेळ गूगलवर कशी भरावी: दुपारची सुट्टी, साप्ताहिक बंद आणि सणावाराचे दिवस

गूगल मॅपवर "उघडं आहे" असं बघून माणूस दुपारी तीनला दवाखान्याच्या दाराशी येतो आणि शटर खाली दिसतं. अशा वेळी दोष बहुतेकदा वेळ भरण्याच्या पद्धतीत असतो. दुपारची सुट्टी भरायला गूगलच्या अर्जात वेगळा रकानाच नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

कोणाला नोंद करता येते

ठरलेल्या वेळेत गिऱ्हाईक किंवा पेशंट समोरासमोर भेटत असेल, त्याच व्यवसायाला Google Business Profile मिळते. ज्यांची विक्री फक्त ऑनलाइन आहे त्यांना मिळत नाही. एखादे डॉक्टर दुसऱ्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदाच बसत असतील, तर त्या पत्त्यावरच्या त्यांच्या नोंदीत तेवढेच दोन दिवस आणि तेवढेच तास भरायचे. दवाखाना इतर दिवशी उघडा असला तरी ते तास त्यांचे धरले जात नाहीत.

कागदपत्रं

सुरुवातीला सहसा कागद अपलोड करावे लागत नाहीत. पडताळणी कशी होणार हे गूगल ठरवतं. हल्ली बऱ्याच जणांना व्हिडिओ मागितला जातो. तो सलग, न कापता, किमान तीस सेकंदांचा हवा. रस्ता आणि शेजारची दुकानं दिसू द्या, मग नावाची पाटी, मग आतली जागा. शेवटी दुकान तुमच्याच ताब्यात आहे हे दाखवा: किल्लीने शटर उघडणं किंवा बिलिंगच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करणं पुरतं. गुमास्ता किंवा भिंतीवर लावलेलं वैद्यकीय परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र कॅमेऱ्यात आलं तर चांगलंच, पण बँक खात्याचा किंवा पॅनचा नंबर येऊ देऊ नका. पाटीवर "श्री साई क्लिनिक" आणि अर्जात "श्री साई मल्टीस्पेशालिटी हॉस्पिटल" असेल तर पडताळणी अडकू शकते. पडताळणी होईपर्यंत तुम्ही भरलेल्या वेळा लोकांना दिसत नाहीत.

रोजच्या वेळा

ज्या खात्यावरून नोंद केली त्याच खात्याने गूगलवर स्वतःच्या व्यवसायाचं नाव शोधा. Edit profile मध्ये Hours उघडा आणि Open with main hours निवडा. मग एकेका वाराला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ द्यायची.

दुपारची सुट्टी म्हणजे दोन वेळांमधली मोकळी जागा. सकाळची पाळी भरा, त्याच वारासमोर Add hours (किंवा अधिकचं चिन्ह) दाबा आणि संध्याकाळची पाळी भरा. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ असं एकच भरून वर्णनात "दुपारी १.३० ते ५.३० बंद" लिहिणाऱ्यांची चूक इथेच होते. वर्णन वाचून गूगल "उघडं/बंद" ठरवत नाही, ते फक्त या रकान्यांवर ठरतं.

समजा दवाखाना सकाळी साडेनऊ ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ असतो, गुरुवारी संध्याकाळी बंद, रविवारी पूर्ण बंद. मग नोंद अशी होईल:

```
Monday     9:30 AM – 1:30 PM, 5:30 PM – 9:00 PM
Thursday   9:30 AM – 1:30 PM
Sunday     Closed
```

मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार सोमवारसारखेच. रविवारचा रकाना कोरा सोडू नका, Closed ची खूण करा.

सर्वात जास्त चुका बाराच्या आसपास होतात. दुपारचे साडेबारा म्हणजे 12:30 PM. तिथे 12:30 AM पडलं की दुकान मध्यरात्रीनंतर साडेबाराला बंद होतं असा अर्थ होतो, आणि गूगल ते मुकाट्याने मान्य करतं, कारण रात्री उशिरापर्यंत चालणारी हॉटेलंही वेळ अशीच भरतात. दुपारनंतर नोंदीवर "Closes 12:30 AM" दिसलं तर हीच चूक समजा.

कोणती वेळ द्यायची हाही प्रश्न असतोच. कंपाउंडर नऊला दार उघडतो आणि डॉक्टर साडेनऊला येतात, तर साडेनऊ लिहा. रात्री साडेआठनंतर नवीन नंबर घेत नसाल तर बंद होण्याची वेळ साडेआठ द्या; आत बसलेले पेशंट नऊपर्यंत तपासले गेले तरी बाहेरच्याला त्याचा उपयोग नाही. रात्री फोन उचलता म्हणून Open 24 hours निवडणं मात्र चूकच. फोनवर भेटणं वेगळं आणि दार उघडं असणं वेगळं.

सणावाराच्या वेळा

त्याच पानावर Holiday hours असा भाग आहे. गूगलच्या मदतपानांत याला Special hours असंही म्हणतात. इथली नोंद तारखेची असते आणि त्या दिवसापुरती रोजची वेळ पूर्ण पुसून टाकते. त्यामुळे संध्याकाळी फक्त एक तास लवकर बंद करायचं असेल तरी सकाळची पाळीसुद्धा पुन्हा भरावी लागते. नाहीतर त्या दिवशी सकाळी दवाखाना बंद दिसतो.

२०२६ची दिवाळी घ्या. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. वरच्या दवाखान्याला त्या दिवशी काहीच करायचं नाही, रविवार बंदच आहे. पाडवा मंगळवारी, १० तारखेला: Closed. भाऊबीज बुधवारी, ११ तारखेला, फक्त सकाळी: 9:30 AM ते 1:30 PM. शेजारच्या मिठाईवाल्याचीही रविवारची सुट्टी असते, पण ८ तारखेला तो दुकान उघडणार. त्याने त्या तारखेला वेळ भरली की तेवढा एक रविवार उघडा दिसतो आणि पुढचे रविवार आपोआप पुन्हा बंद.

मोठ्या सणाला तुमचं दुकान नेहमीप्रमाणे उघडं असलं तरी त्या तारखेला नेहमीचीच वेळ भरून ठेवा. काहीच भरलं नाही तर सणाचं नाव देऊन "वेळ वेगळी असू शकते" असा इशारा दिसतो आणि लोक दुसरीकडे जातात. गूगल मोठे सण स्वतः सुचवतं, पण गावची जत्रा किंवा विसर्जन मिरवणुकीमुळे बंद असलेला रस्ता त्याला ठाऊक नसतो. असे दिवस तारीख निवडून हातानेच घालावे लागतात.

सलग सहा दिवसांपर्यंतची सुट्टी अशी तारखांनी भरता येते. सात दिवस किंवा जास्त बंद असेल, म्हणजे दिवाळीला ७ ते १५ नोव्हेंबर गावी जाणार असाल, तर Temporarily closed निवडा. हे आपोआप सुटत नाही. परत आल्या दिवशी पुन्हा Open with main hours करावं लागतं. शेजारचंच Permanently closed चुकून दाबलं जाणार नाही याकडे लक्ष द्या.

भरल्यावर तपासणी

स्वतःच्या खात्यातून बघू नका. लॉगिन नसलेल्या फोनवर दुपारी दोनला नोंद उघडा. "Closed" आणि पुढे "Opens 5:30 PM" दिसलं तर दोन्ही पाळ्या नीट बसल्या. महिन्यातून एकदा तरी पुन्हा बघा, कारण कोणताही वापरकर्ता वेळ बदलण्याची सूचना करू शकतो आणि गूगल ती स्वीकारूही शकतं. असा बदल झाला की तो खात्यात दाखवला जातो. तो चुकीचा असेल तर नाकारा आणि जुनी वेळ पुन्हा भरून जतन करा.