मास्कच्या बाहेरचे चेहरे का बदलतात?

फ्लेक्सवरचे फुगलेले चेहरे आता कुणाला खटकतही नाहीत. मोबाइलवरचा फोटो ४:३ मापाचा, फ्लेक्स १६:९ चा आणि छापणाऱ्याला घाई. तो फोटोचा कोपरा धरून ओढतो आणि प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. हल्ली त्यावर उतारा सांगितला जातो तो एआयचा. फोटो ओढायचाच नाही, बाजूची भिंत, झाडं, आकाश नव्याने रंगवून घ्यायचं. याला आउटपेंटिंग म्हणतात.

उतारा चांगला आहे, पण त्याच्याबद्दल दोन गैरसमज घट्ट बसलेत. पहिला म्हणजे फ्रेमबाहेर जे खरोखर होतं तेच एआय दाखवतं. असं काही नसतं. जो प्रकाश सेन्सरवर पडलाच नाही, त्याची नोंद कुठून येणार? मॉडेल फक्त ‘अशा फोटोत इथे सहसा काय असतं’ याचा अंदाज रंगवतं. (फोटो नंतर मोबाइलवर कापलेला असेल तर गोष्ट वेगळी. ज्याने काढला त्याच्या गॅलरीत मूळ फ्रेम बहुतेक वेळा परत आणता येते. आधी त्याला फोन करा, एआय नंतर.)

दुसरा गैरसमज जास्त फसवा आहे: ‘मी फक्त बाजू वाढवायला सांगितली, मग माणसांना धक्का लागेलच कसा?’ लागतो. आणि तो का लागतो हे समजून घेण्यात खरी गंमत आहे.

एक उदाहरण धरून चालू. शाळेच्या जुन्या इमारतीसमोर, व्हरांड्याच्या खांबांपुढे अकरा जण दाटीवाटीने उभे आहेत. फोटो १६०० बाय १२०० पिक्सेलचा. डावीकडच्या गृहस्थांचं कोपर फ्रेमच्या कडेवर कापलं गेलंय, उजवीकडे बोटभर भिंत दिसतेय. इतक्या गर्दीत प्रत्येकाचा चेहरा जेमतेम ९० पिक्सेल रुंद आणि एक डोळा १८-२० पिक्सेलचा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

एआयच्या आधीही लोकांनी युक्त्या काढल्या होत्या. २००७ साली अविदान आणि शमीर या संशोधकांनी ‘सीम कार्व्हिंग’ मांडलं. चित्रातून वरपासून खालपर्यंत जाणारी, कमीत कमी तपशील असलेली नागमोडी रेघ शोधायची आणि तिथेच पिक्सेल वाढवायचे. समुद्रकिनाऱ्यावर सुटा उभा असलेला माणूस यात छान वाचतो. आपल्या अकरा जणांत मात्र कुणाच्याही खांद्यातून न जाणारी रेघ मधे सापडतच नाही. जी सापडते ती कडेच्या बोटभर भिंतीतून, आणि तेवढीच भिंत किती ताणणार?

आता आजच्या पद्धतीकडे. २०२२ मध्ये खुलं झालेलं स्टेबल डिफ्युजन हे चित्रं काढणारं मॉडेल आणि त्याच्या घराण्यातली मॉडेलं थेट पिक्सेलवर काम करत नाहीत, कारण ते फार महाग पडतं. आधी एक ‘एन्कोडर’ चित्राचा गोषवारा काढतो. ८ बाय ८ पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीत लाल, हिरवा, निळा धरून १९२ आकडे असतात. त्यांच्या जागी एन्कोडर फक्त ४ आकडे ठेवतो. म्हणजे ४८ पट आटवणूक. या आटवलेल्या चित्राला ‘लेटेंट’ म्हणतात. डिफ्युजनचा सगळा खेळ, म्हणजे रिकाम्या जागी गोंगाट, अर्थात कसेही विखुरलेले आकडे, भरायचा आणि तो टप्प्याटप्प्याने निवळत न्यायचा, या लेटेंटमध्येच चालतो. शेवटी ‘डिकोडर’ लेटेंटपासून पुन्हा पिक्सेल बनवतो.

मास्क म्हणजे ‘इथे रंगव, इथे रंगवू नको’ हे सांगणारा काळापांढरा नकाशा. आउटपेंटिंगसाठी खास शिकवलेल्या मॉडेलला प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी शेजारी शेजारी दिल्या जातात: गोंगाट असलेलं लेटेंट, मास्कची जागा पुसलेल्या मूळ चित्राचं लेटेंट आणि तो मास्क. आकड्यांच्या थरांत मोजायचं तर ४, ४ आणि १, असे ९ थर. (इथे डोकं गरगरलं तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, फार बिघडणार नाही.) मॉडेल मास्क इमानाने पाळतंही. मास्कबाहेरचं लेटेंट जसंच्या तसं ठेवता येतं.

पण मेख इथेच आहे. जसंच्या तसं राहिलं ते लेटेंट. तुमचा फोटो नव्हे. शेवटी डिकोडर सगळं चित्र गोषवाऱ्यातून परत उभं करतो, जुनाही भाग आणि नवाही. फोनवरून रांगोळीचं वर्णन सांगून दुसऱ्या गावी ती पुन्हा काढून घ्यावी, तसं हे. रंग जुळतील, पाकळ्या जुळतील, बारीक ठिपके मात्र काढणाऱ्याच्या अंदाजाने पडतील. भिंतीच्या गिलाव्यात तो अंदाज चुकला तर कुणाला कळणारही नाही. पण आपल्या फोटोतला डोळा १८ पिक्सेलचा, म्हणजे रुंदीत जेमतेम तीन चौकटींत बसणारा. बुबुळ, पापणी, नजरेची दिशा, सगळं या मूठभर आकड्यांत. डिकोडर शेजारच्या चौकटींचाही आधार घेतो हे खरं, तरी नजर किंचित सरकते, दात एकसंध पट्टी होतात, चष्म्याची काडी विरते. क्लोज-अप फोटोत हेच नुकसान दिसत नाही, कारण तिथे एका डोळ्याला कितीतरी चौकटी मिळतात. म्हणून ग्रुप फोटोचं दुखणं वेगळं. २०२४ पासूनच्या काही मॉडेलांत चौकटीमागे ४ ऐवजी १६ आकडे असतात. त्यामुळे चेहरे बरेच सावरले, पण परतीचा प्रवास तंतोतंत झालेला नाही.

आणि ज्या साधनांना मास्कच नसतो, फक्त ‘बॅकग्राउंड वाढव, चेहरे बदलू नकोस’ असं लिहायचं असतं, त्यांतली बरीचशी सगळं चित्रच नव्याने काढतात. तिथे ती सूचना ही विनंती असते, हमी नव्हे.

हमी एकाच गोष्टीने मिळते. काम झाल्यावर मूळ पिक्सेल परत वर चिकटवायचे. काही अ‍ॅप्स हे स्वतःच करतात, काही करत नाहीत, आणि बाहेरून ते कळत नाही.

आपल्या फोटोवर हे असं होईल. उंची १२०० तशीच ठेवून १६:९ साठी रुंदी हवी २१३३. ती ८ च्या पटीत आणून २१३६ घेऊ. वाढवायचे ५३६ पिक्सेल. दोन्हीकडे २६८ घेण्याचा मोह होतो, पण २६८ ला ८ ने भाग जात नाही. मग फोटोची कड एखाद्या चौकटीच्या मधोमध पडते, आणि त्या चौकटीचे आकडे अर्धे जुन्या, अर्धे नव्या चित्राचे होतात. म्हणून डावीकडे २६४, उजवीकडे २७२. संपूर्ण कॅनव्हास एकदम मॉडेलला द्यायचा नाही. यातली अलीकडची मॉडेलं साधारण दहा लाख पिक्सेलच्या चित्रांवर शिकलेली असतात, त्याहून बरंच मोठं दिलं की ती गोंधळतात. एका वेळी एक बाजू घ्यायची. उजवीकडे ८८० रुंदीची खिडकी घेतली तर त्यात २७२ नवे आणि ६०८ जुने पिक्सेल येतात. खांबांमधलं अंतर आणि उन्हाची दिशा ओळखायला तेवढा जुना भाग पुरतो.

सांधा मिसळावा म्हणून मास्क फोटोच्या आत १६-२४ पिक्सेल शिरवतात. तो शिरवायचा फक्त भिंतीवर. जिथे बाही किंवा पदर कडेला टेकलाय तिथे मास्क कडेवरच थांबला पाहिजे. मग मूळ फोटो वरच्या लेयरवर ठेवून भिंतीच्या पट्टीत त्याची कड हलकेच विरवायची, माणसांवर तो पूर्ण अपारदर्शक ठेवायचा. दोन भागांचा रंग जुळत नसेल तर नव्या भागाचा रंग सुधारायचा, जुन्याला हात लावायचा नाही.

तपासणी डोळ्यांनी करू नका. आपला मेंदू ओळखीचा चेहरा ‘तोच’ म्हणून फार लवकर पास करतो. गिंपमध्ये दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून वरच्या लेयरचा मोड `Difference` करा, किंवा पायथॉनमध्ये हे चालवा:

```python
from PIL import Image, ImageChops
a = Image.open("mul.png").convert("RGB")
b = Image.open("vadhavlela.png").convert("RGB")
b = b.crop((264, 0, 1864, 1200))
d = ImageChops.difference(a, b).point(lambda v: min(255, v * 20))
d.save("pharak.png")
```

यात फरक वीसपट उजळ करून दिसतो. कडेच्या पट्ट्या सोडून सगळं काळंकुट्ट आलं तर माणसं शाबूत आहेत. काळ्यावर डोळे, ओठ, केसांच्या कडा भुतासारख्या उमटल्या तर समजा, चित्र डिकोडरमधून फिरून आलंय आणि मूळ पिक्सेल परत बसवलेलेच नाहीत. फक्त दोन्ही फाइली पीएनजी असाव्यात. मधे जेपीईजी आलं तर त्याचाच खरखरीत फरक सगळीकडे दिसेल.

भुताचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. वाढवलेल्या भागात कधी कधी एक परका खांदा, नाहीतर अर्धवट चेहरा उगवतो. अशा फोटोवर ‘अकरा जण होते, बारावा कोण?’ असं लिहून तो पुढे ढकलणारे असतात. बारावा हा आकडेवारीतून आलेला असतो. कडेला कापलेलं कोपर दिसलं आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या लेखी सूचनेत, ‘ग्रुप फोटो’ लिहिलेलं असलं, की मॉडेलच्या मते शेजारी आणखी एक माणूस असणं अगदी स्वाभाविक आहे. प्रॉम्प्टमध्ये माणसांचा उल्लेखच करू नका. ‘दगडी व्हरांडा, खांब, सकाळचं ऊन’ एवढंच लिहा, बारावा बहुतेक वेळा गायब होतो.

कापलेल्या कोपराचं मात्र असं सोपं उत्तर नाही. मूळ पिक्सेल सगळे जपले तरी पुढचा हात मॉडेलने बेतलेलाच असणार. बाहीची लांबी, मनगटावरचं घड्याळ, बोटांची संख्या, कशाचाच भरवसा नाही. त्याच वेळी काढलेला दुसरा फोटो असेल तर तिथला हात आणून लावा. नसेल तर मी त्या बाजूला वाढवणारच नाही. डावी कड आहे तशी ठेवून सगळे ५३६ पिक्सेल उजवीकडे घेईन, दोन टप्प्यांत. मूळ फोटो कॅनव्हासच्या डाव्या कडेला टेकलेला असल्याने चौकटींचा हिशोब १६०० पासून सुरू होतो, तर पहिला टप्पा २६४ चा, दुसरा २७२ चा. गट मधोमध येणार नाही, पण रिकाम्या उजव्या बाजूला फ्लेक्सवरचा मजकूर बसतो. वरच्या `crop` मधले आकडे तेवढे `(0, 0, 1600, 1200)` करायचे.