बोगद्यात हरवणारे अंतर (धावण्याची नोंद)

घड्याळ बांधून धावताना बोगद्यात किंवा उड्डाणपुलाखाली जीपीएसचा माग तुटतो किंवा बिघडतो आणि नोंदलेले अंतर चुकते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून येणारे उपग्रहांचे संदेश मुळातच क्षीण असतात. डोक्यावर काँक्रीट किंवा डोंगर आला की ते पोचत नाहीत.

उड्डाणपुलाखाली थोडे आकाश दिसत राहते, पण संदेश खांबांवर आपटून उशिरा येतात. नकाशावर माग नागमोडी होतो आणि अंतर बहुधा वाढते. तिथे भरकटलेले बिंदू पुसले की भागते. बोगद्यात मात्र बिंदूच नसतात. काही घड्याळे मनगटाच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज घेत अंतर मोजत राहतात. बाकीची शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा बिंदू सरळ रेषेने जोडतात. बोगदा सरळ असेल तर या रेषेने फारसे बिघडत नाही. वळणाचा असेल तर अंतर कमी भरते.

समजा, 800 मीटरचा बोगदा एकसारखा वळत काटकोनात फिरतो आणि धावपटूने तो 264 सेकंदांत पार केला, म्हणजे किलोमीटरला 5:30 या पेसने. दोन्ही तोंडांमधली सरळ रेषा 720 मीटर भरते. 80 मीटर गेले, आणि वेळ तेवढाच राहिल्याने पेस 6:07 दिसतो. दमलो नसताना नेमक्या बोगद्यात पेस असा पडलेला दिसला, की नकाशावर तिथे पट्टीने आखल्यासारखी रेष आहे का ते पाहावे.

दुरुस्तीसाठी नोंद जीपीएक्स फाइल म्हणून उतरवून घेतात आणि दोन तोंडांच्या मध्ये, नकाशातल्या रस्त्यावर, सात बिंदू घालतात. आठ तुकडे होतात, प्रत्येक 100 मीटरचा आणि 33 सेकंदांचा. फाइलमध्ये आत शिरल्याची वेळ 06:12:00 असेल, तर पहिल्या नव्या बिंदूची वेळ अशी:

```
<time>2024-01-07T06:12:33Z</time>
```

शेवटचा `Z` जागतिक वेळ दाखवतो. तिथे स्थानिक वेळ लिहिली तर बिंदूंचा क्रम विस्कटतो. अशा दुरुस्तीनंतर अंतर जेमतेम सव्वा मीटर कमी भरते. वेग मात्र आत सगळीकडे सारखा दिसतो, कारण खरा चढउतार कुठे नोंदलेलाच नाही. दुरुस्त फाइल चढवण्याआधी मूळ नोंद काढून टाकावी लागते, नाहीतर स्ट्राव्हासारखे ॲप ती दुबार म्हणून नाकारते.

स्ट्राव्हाच्या संकेतस्थळावरचे `Correct Distance` इथे फसवे ठरू शकते. ते घड्याळाने मोजलेले अंतर बाजूला ठेवून नकाशावरच्या बिंदूंवरून अंतर पुन्हा काढते. घड्याळाने पावलांवरून 790 मीटर धरले असतील, तर ते दाबल्यावर पुन्हा 720 होतात. जीपीएक्स फाइलचेही तेच, कारण तिच्यात सहसा फक्त बिंदू असतात, मोजलेले अंतर नसते. म्हणून घड्याळाचा आकडा बोगद्याच्या ज्ञात लांबीच्या जवळ असेल, तर मागाला हात न लावलेला बरा.

ऑटो-पॉज चालू असेल तर घोळ वाढतो: माग तुटताच काही घड्याळे धावपटू थांबला असे समजून मोजणी रोखतात आणि अंतराबरोबर धावण्याचा वेळही गळतो.