दगडी, सेल काउंट आणि दूध किती दिवस घालायचं नाही: हे तीन आकडे आले कुठून

गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाली की आपल्या हातात तीन गोष्टी येतात. डेअरीतून सोमॅटिक सेल काउंट, लॅबमधून दुधात कुठला जंतू वाढला ते सांगणारा कल्चरचा रिपोर्ट आणि सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेले दूध न घालायचे दिवस. बरेचजण या तिन्हींकडे एकच गोष्ट म्हणून बघतात, दुधातल्या गाठी गेल्या म्हणजे गाय बरी आणि दूध पण चालू. खरं म्हणजे हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणीतून आलेत आणि प्रत्येक वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. म्हणून जरा मागून सांगतो.

जंतूपासून सुरुवात करू. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये नोकार आणि मोलरो या दोघांनी दाखवलं की कासदाह एका गाईकडून दुसऱ्या गाईला लागतो आणि त्यामागे साखळीसारखा दिसणारा एक जंतू असतो. त्यालाच पुढे स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी म्हणायला लागले. हा जंतू मुख्यतः कासेतच राहतो, धार काढणाऱ्याच्या हातातून आणि फडक्यातून फिरतो. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं, थेट सडातून कासेत सोडायला लागले आणि हा जंतू पटापट मरायला लागला. लोकांना वाटलं दगडी संपली. पण त्याची जागा स्टॅफिलोकोकस ऑरियसनं घेतली, जो कासेच्या आत गाठी करून त्यात लपून बसतो, औषध तिथपर्यंत नीट पोचतच नाही, आणि त्यातले बरेच पेनिसिलिनला दाद पण देईनात.

इथून कल्चरला खरं महत्त्व आलं, कारण कोण आहे हे कळल्याशिवाय काय करायचं ते ठरत नाही. पण रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑरियस दुधात रोज सारखा पडत नाही, त्यामुळे एकदा नाही सापडला म्हणजे गाय सुटली असं नाही. आणि 'नो ग्रोथ' आलं म्हणजे लॅब चुकली असं पण नाही, ई. कोलायमध्ये बऱ्याचदा आपण नमुना घेईपर्यंत गाईच्या शरीरानं जंतू मारून टाकलेला असतो. तीन-चार जातीचे जंतू एकत्र आले तर मात्र बहुतेक वेळा शेण नाहीतर हात लागलेला असतो. पहिल्या धारा टाकून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, बाटली आडवी धरून नमुना घ्या आणि बर्फात पाठवा, हे सगळं त्यासाठीच.

आता सेल काउंट. १९१० मध्ये अमेरिकेत प्रेस्कॉट आणि ब्रीड यांनी दुधाचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची पद्धत काढली. या पेशी म्हणजे जंतू नव्हेत, त्या गाईच्याच, जास्त करून लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी. पण गोठ्यात मायक्रोस्कोप कोण नेणार? १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात शाम आणि नूरलँडर यांनी कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट म्हणजे सीएमटी आणली, चार खणांची थाळी, प्रत्येक सडाचं थोडं दूध आणि तेवढंच साबणासारखं द्रावण. साबणानं पेशी फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर येतो आणि दूध शेंबडासारखं घट्ट होतं. चार खणांत कुठला सड ते लगेच कळतं, आजही इतक्या स्वस्तात दुसरी टेस्ट मला माहीत नाही.

पुढे मशीन आल्या आणि डेअऱ्यांनी मर्यादा घातल्या. युरोपात ४ लाख प्रति मिली, अमेरिकेत १९९३ पासून साडेसात लाख. पण हे आकडे सगळ्या कळपाच्या एकत्र दुधाचे, एका गाईसाठी साधारण २ लाखाच्या वर गेलं की संशय घ्यायचा. हा फरक आम्हाला महागात पडला. आमच्या १० गाई, धरून चला सगळ्या सारखंच दूध देतात. ९ गाई १ लाखावर आणि एकच ३० लाखावर असेल तर सरासरी येते ३.९ लाख. म्हणजे युरोपच्या नियमात पण बसली! आमचं अगदी असंच झालं, कॅनचा आकडा बरा म्हणून सहा महिने आम्ही निवांत, आणि सीएमटी केली तेव्हा एका गाईचा मागचा उजवा सड थाळीत गोळा होऊन बसला. कल्चरमध्ये ऑरियस.

तिसरा आकडा, दूध न घालायच्या दिवसांचा, तो चीजवाल्यांच्या तक्रारीतून आला. पेनिसिलिनच्या ट्यूबा वाढल्या तशा तिकडच्या चीज कारखान्यांत विरजण लागेना, कारण दुधातलं औषध विरजणाचेच जंतू मारत होतं. त्यात पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसांचा प्रश्न. म्हणून १९५०च्या दशकापासून दूध बाजूला काढण्याचे नियम घट्ट होत गेले. किती औषध पुरतं बघा. १ लाख युनिट पेनिसिलिन म्हणजे साधारण ६० मिलीग्रॅम. दुधात कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाची मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे ते सगळं दुधात उतरलं असं धरलं तर १५,००० लिटर दूध मर्यादेपर्यंत न्यायला तेवढं पुरे. उकळून ते फारसं जात नाही. आणि एकाच सडात ट्यूब सोडली तरी औषध रक्तातून बाकीच्या सडांत जातं, म्हणून चारही सडांचं दूध काढून टाकायचं, आणि दिवस मोजायचे ते शेवटच्या ट्यूबपासून, पहिल्या नाही.

आपल्याकडे २०१२ मध्ये ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स रूल्समध्ये ९७व्या नियमात हे घातलं गेलं: जनावराच्या औषधावर हा काळ लिहायचा, आणि तपासून ठरवलेला नसेल तर दुधाला किमान ७ दिवस. एफएसएसएआयच्या दूध सर्वेक्षणात (२०१९ मध्ये जाहीर झालं) ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं.

आमच्या गाईचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तिन्ही आकडे तिथे एकत्र आले. डॉक्टर म्हणाले दुधात असताना ऑरियसवर ट्यूबा सोडून फार काही हाती लागायचं नाही, हिची धार सगळ्यांच्या शेवटी काढा आणि आटवताना ड्राय ट्यूब टाका. ही पद्धत पण जुनी, १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या संस्थेत नीव, डॉड वगैरे मंडळींनी धारेनंतर सड बुडवणं आणि आटवताना सगळ्या सडांत औषध हे मोठ्या प्रयोगांत तपासून दाखवलं होतं. आमच्या ट्यूबवर लिहिलं होतं, टाकल्यापासून ४२ दिवस आणि त्यावर ४ दिवस, असं ४६. आम्ही ६० दिवस धरून आटवली होती. पण गाय ठरली होती ती आधीच्या भरवण्याला, वहीत मात्र २१ दिवसांनंतरची दुसरी तारीख, त्यामुळे ती ३९व्या दिवशीच व्यायली. म्हणजे ४६ वजा ३९, व्याल्यानंतर अजून ७ दिवस दूध बाजूला. चीक वासराला पाजला, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना खरवसासाठी जो वाटतो तो यंदा वाटला नाही. दोन घरं नाराज झाली, त्यांना ट्यूबचं खोकं नेऊन दाखवलं. आठव्या दिवशी दूध घातलं, महिन्यानं त्याच सडाचं परत कल्चर पाठवलं, काही आलं नाही, आणि ऑरियसचं माहीत असल्यामुळे पंधरा दिवसांनी अजून एक पाठवलंय.