ठिपका मागच्या गल्लीत का जातो?

बेळगावात मुंबईसारख्या टॉवर इमारती नाहीत. तरी गणपत गल्लीत पार्सल घेऊन उभ्या असलेल्या पोराचा ठिपका नकाशावर मागच्या गल्लीत जातो, आणि गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "तिकडं कुठं गेलास रे?" पोरगा जागचा हललेलाही नसतो.

मोबाइल उपग्रहापासूनचं अंतर वेळेवरून काढतो. एका नॅनोसेकंदात लहर सुमारे 30 सेंटिमीटर जाते. समजा, कॉलेज रोडसारख्या रुंद रस्त्यावर तुमच्या पाठीमागे उपग्रह 30 अंश उंचीवर आहे आणि समोर 20 मीटरवर काचेची इमारत आहे. काचेवर आपटून येणारी लहर सुमारे 35 मीटर जास्त चालते. थेट लहर आणि ही उशिरा आलेली लहर एकमेकींत मिसळल्या की मोजणी बिघडते. यालाच मल्टिपाथ म्हणतात.

या दुखण्याचं मूळ जीपीएसच्या 1970 च्या दशकातल्या आराखड्यात आहे. वेळ मोजण्यासाठी उपग्रह एक सांकेतिक मालिका पाठवतो आणि फोन ती जुळवून पाहतो; नागरी वापरासाठी ठेवलेल्या मालिकेचा एक तुकडा 293 मीटर लांबीचा. एवढ्या लांब तुकड्यात 35 मीटरचा उशीर सहज दडून जातो. शिवाय अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली होती, तीच 100 मीटरपर्यंत जायची. मग भिंतीची चूक दिसणार कशी? मे 2000 मध्ये ती भेसळ बंद झाली आणि शहरातल्या भिंती उघड्या पडल्या. त्याआधीच, 1992 मध्ये, सर्वेक्षणाच्या यंत्रांसाठी नॅरो कोरिलेटर हा मोजणीचा नवा प्रकार आला होता. तो मालिका सर्वांत चांगली जुळते त्या बिंदूच्या अगदी जवळून मोजतो, त्यामुळे उशिरा आलेल्या लहरीचा प्रभाव कमी होतो.

फोनमध्ये मोठा फरक पडला 2018 पासून, L5 हा दुसरा सिग्नल वाचणाऱ्या चिप आल्यावर. जीपीएसच्या L5 चा तुकडा जेमतेम 29 मीटरचा. त्यामुळे 35 मीटर उशिराची लहर वेगळी ओळखता येते. (भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा नाविकही त्याच फ्रिक्वेन्सीवर आहे, पण तिचा नागरी तुकडा जुन्याच लांबीचा, नुसत्या फ्रिक्वेन्सीने काम होत नाही.)

मात्र पाठीमागच्या इमारतीने थेट लहरच अडवली, तर L5 देखील फसतो. मिसळायला दुसरी लहर नसल्याने मोजणी स्वच्छ दिसते, पण 35 मीटरने चुकीची असते. चार पावलं पुढे, दोन इमारतींच्या फटीतून थेट लहर मिळाली की ही चूक एकदम जाते, आणि ठिपका उडी मारतो.

गल्लीत आणखी एक अडचण. तिथं आकाशाची पट्टी लांबट उरते, त्यामुळे उपग्रह गल्लीच्या दिशेनेच दिसतात. परिणामी आडव्या दिशेची चूक वाढते आणि ठिपका मागच्या गल्लीत जातो.

GPSTest सारख्या ॲपमध्ये C/N0, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद, पाहा. मोकळ्यावर 40 च्या वर असणारा उपग्रह गल्लीत 25 वर आला, तर बहुधा त्याची लहर भिंतीवरून येतेय किंवा अडतेय. पत्ता नोंदवायचा असेल तर चौकात जाऊन, फोन हातात उघडा धरून, मिनिटभर थांबून नोंदवावा.